बाळाच्या एका डोळ्यात फ्लॅशच्या फोटोत पांढरी चमक, किती घाई करू?

ओवीची_मावशी
बहिणीच्या वतीने विचारतेय. भाचा १४ महिन्यांचा आहे. फोटोत त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकतेय, उजवी नेहमीसारखी लाल. जुने फ्लॅशचे ९ फोटो चाळले, तर ३ मध्ये हेच. दोनांत तो स्वतःच्या उजवीकडे बघतोय, एकात सरळ कॅमेऱ्याकडे. एरवी मस्त खेळतो, जमिनीवरचा दोरासुद्धा उचलतो. पुढच्या महिन्यात लसीला जायचंच आहे, तेव्हा दाखवलं तर चालेल?

फोटोवेडा
कोनाचा खेळ आहे. डोळा नाकाकडे वळला की फ्लॅश आतल्या नेत्रशिरेच्या तोंडावर पडतो. ती जागा फिकी, म्हणून पांढरं दिसतं. माझ्या पुतणीच्या फोटोतही होतं, काही निघालं नाही. पुन्हा फोटो काढा, नाही दिसलं तर सोडून द्या.

निवांत७
रेड-आयचं टूल पांढऱ्यावर चालत नाही. ब्रशने काळं करा.

ओवीची_मावशी
अहो, फोटो सुधारायचा नाहीये!

दृष्टी_विभाग
मी लहान मुलांच्या नेत्रविभागात काम करते. फोटोवेडा म्हणतात तो कोन खरा आहे, डोळा साधारण १५ अंश नाकाकडे वळला की तसं होतं. तुमचे दोन फोटो त्यात बसतील. पण सरळ बघतानाचा तिसरा बसत नाही, आणि मला काळजी त्याचीच आहे.

'पुन्हा काढून बघा' हे मात्र नको. पडद्यावरची गाठ कडेला असेल तर ठरावीक दिशेला बघतानाच चमकते, त्यामुळे चांगला फोटो आला म्हणजे डोळा चांगला असं होत नाही. दोरा उचलण्याचंही तेच. दुसरा डोळा चांगला असला की मूल त्याच्यावर सगळं निभावून नेतं.

कारण मोतीबिंदू असू शकतं, पडद्याचे इतर आजारही. पण याच वयात रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग होतो. तो डोळ्यातच असताना सापडला तर बहुतेक मुलं वाचतात, बाहेर पसरला की गणित बदलतं. म्हणून लसीची वाट नको, या आठवड्यातच थेंब घालून, बाहुली मोठी करून पूर्ण पडदा तपासून घ्या. नुसत्या टॉर्चने बघून 'ठीक आहे' म्हणाले तर थांबू नका. मूळ फोटो दाखवा, फिल्टर लावलेले नकोत.

कोजागिरी
आमच्या लेकीला मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, पण उशीर झाल्याने मेंदूला त्या डोळ्याची सवयच लागली नव्हती. अजून चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतो, रोज रडारड. तिरळेपणा आहे का बाळाला?

ओवीची_मावशी
ताई म्हणते, दमल्यावर डावा डोळा किंचित बाहेर जातो. आम्ही झोप आली असेल म्हणत होतो.

दृष्टी_विभाग
हेही डॉक्टरांना सांगा. फोन करताना 'फोटोत पांढरी चमक' हेच शब्द वापरा, लवकर वेळ देतात.

ओवीची_मावशी
उद्या सकाळी १० ची वेळ मिळाली.

फोटोवेडा
पुतणीचा डोळा थेंब घालून बघितला होता का, दादाला विचारतोय. त्याला आठवत नाहीये.