मदत हवी आहे: मॉकच्या शीटमध्ये अचूकता चढतेय, गुण मात्र जागेवरच

पाटीपेन्सिल

कॅटची तयारी करतेय. प्रत्येक मॉकचे आकडे गूगल शीटमध्ये भरते. एका मॉकच्या तीन ओळी, विभागाला एक. रकाने असे: अटेम्प्ट, बरोबर, चूक, गुण, अचूकता, वेळ. वेळेच्या रकान्यात प्रत्येक ओळीत ४० च आहे, कारण विभागाला ४० मिनिटं बांधलेलीच असतात. तो रकाना कशासाठी ठेवलाय, देव जाणे.

अडचण क्वांटची आहे. एकाच सिरीजचे दोन मॉक देते, दोन्हींत २२ प्रश्न.

मॉक अ: अटेम्प्ट १४, बरोबर ८, चूक ६ (चार ऑप्शनवाले, दोन टिटा). गुण २०, अचूकता ५७ टक्के.
मॉक ब: अटेम्प्ट ९, बरोबर ७, चूक २ (एक ऑप्शनवाला, एक टिटा). गुण २०, अचूकता ७८ टक्के.

अ आधीचा, ब अलीकडचा. मधले मॉकही १८ ते २२ गुणांतच घुटमळतात. अचूकतेचा आलेख बघितला तर छान चढता आहे. मग याला प्रगती म्हणायचं की नाही? आणि शीटमध्ये नेमकं काय वाढवलं तर गुण कुठे अडलेत ते कळेल?

रंगपेटी

कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. अचूकता ७० च्या वर हिरवी, ५० च्या खाली लाल, मधली पिवळी. तिन्ही विभागांचे आलेख वेगळ्या पानावर घेतले की एका नजरेत चित्र दिसतं. माझी शीट तशीच आहे, हवी तर रचना सांगतो.

पाटीपेन्सिल

रंग आधीच लावलेत हो. सगळं हिरवंगार दिसतंय आणि गुण २०, म्हणून तर विचारतेय.

सरळरेषा

तुमचं बरोबर चाललंय, घाई करू नका. आधी अचूकता ८५ च्या वर न्या, अटेम्प्ट मग वाढवा. निगेटिव्ह मार्किंगनेच बहुतेकांचा घात होतो. आणि वेळेचं म्हणाल तर ४० मिनिटांना २२ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला १ मिनिट ४९ सेकंद. त्याच्या वर गेलेला प्रत्येक प्रश्न लाल करा.

तिरकी ओळ

सरळरेषांनी निगेटिव्हचं जे सांगितलं, ते या दोन मॉकना लागू होत नाही. हिशेब मांडून बघा. अ मध्ये सहा चुका झाल्या, पण टिटाला निगेटिव्ह नसतं, त्यामुळे दंड फक्त ४ गुणांचा. ब मध्ये दंड १ गुणाचा. म्हणजे इतकं जपून खेळून ३ गुण वाचले, आणि एक बरोबर उत्तर कमी झालं तिथे तेवढेच ३ गेले. दोन्हीकडे २० कसे आले ते यातच आलं.

बरोबरला ३ आणि चुकीला उणे १ असल्यामुळे चार ऑप्शनमध्ये डोळे मिटून टिक केलं तरी बऱ्याच प्रश्नांचा हिशेब शेवटी शून्यावर येतो. एक ऑप्शन खात्रीने कटला की तो अधिकात जातो. म्हणून निम्मी-अर्धी खात्री असलेला प्रश्न केवळ अचूकता बिघडू नये म्हणून सोडला, तर तोटा आपलाच. आणि टिटा कोरा ठेवण्यात काहीच राखलं जात नाही, आलेलं उत्तर टाकून मोकळं व्हावं.

आता वेळेचा रकाना. ४० लिहून काही कळणार नाही, त्या ४० चे तीन भाग करा: बरोबर आलेल्यांवर गेलेला वेळ, चुकलेल्यांवर गेलेला आणि उत्तर न देता सोडलेल्यांवर गेलेला. तुमच्या मॉकच्या विश्लेषणात प्रश्नवार वेळ दाखवतात ना? ब मध्ये तुम्ही १३ प्रश्न सोडलेत. त्या १३ वर किती मिनिटं गेली, तेवढं आधी सांगा.

पाटीपेन्सिल

दाखवतात. सोडलेल्या प्रश्नांपुढेही वेळ असतो, याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. दोन्ही मॉकची बेरीज केली.

मॉक अ: बरोबर ८ वर १९ मिनिटं, चूक ६ वर १६, सोडलेल्या ८ वर ५.
मॉक ब: बरोबर ७ वर साडेसोळा, चूक २ वर साडेपाच, सोडलेल्या १३ वर १८.

बेरीज दोन्हीकडे ४० आली, म्हणजे निसटलेलं काही नाही.

तिरकी ओळ

आता आपली अचूकता काढून टाका आणि हेच आकडे वाचा. एका बरोबर उत्तराला अ मध्ये साधारण २ मिनिटं २२ सेकंद लागले, ब मध्ये २ मिनिटं २१. सोडवण्याच्या वेगात काडीचा फरक नाही. गुण न देणाऱ्या प्रश्नांवर, म्हणजे चूक आणि सोडलेले मिळून, अ मध्ये २१ मिनिटं गेली आणि ब मध्ये साडेतेवीस. म्हणजे ती गळती उलट थोडी वाढलीच आहे.

बदल झाला तो एवढाच की, पूर्वी अडलेल्या प्रश्नाला तुम्ही शेवटी काहीतरी टिक करत होता, आता तितकाच झगडून कोरा सोडता. टिक केला तर तो अचूकतेच्या हिशेबात येतो, कोरा सोडला तर येत नाही. म्हणून आलेख चढतोय.

पुढची पायरी: सोडलेल्या १३ पैकी कुठल्या प्रश्नांनी ती १८ मिनिटं खाल्ली ते बघा. आणि ते तेराही प्रश्न उत्तरं न बघता, घड्याळ बाजूला ठेवून पुन्हा सोडवा.

झोळी

माझं जेईई मेनचं उदाहरण सांगतो, कारण तिथे गंमत उलटी आहे. १८० मिनिटं सलग मिळतात, विषयाला वेगळी वेळ बांधलेली नाही. तिथे विषयवार वेळेचा रकानाच सगळ्यात बोलका ठरतो. माझं फिजिक्स गणिताची मिनिटं खायचं आणि गणिताचे गुण पडले की मी गणिताचाच अभ्यास वाढवायचो.

तुमच्याकडे विभागांना कुलूप आहे, म्हणून ही चोरी विभागाच्या आतच होतेय एवढंच.

पाटीपेन्सिल

तेरा प्रश्न करून बघितले. तीनच प्रश्नांनी १८ पैकी साडेबारा मिनिटं घेतली होती: ४:५०, ४:१० आणि ३:३०. तिन्ही भूमितीचे किंवा फंक्शनचे. आज निवांत बसून त्यातला एकच सुटला, तोही रडतखडत. उरलेल्या दहांवर मिळून साडेपाच मिनिटं, म्हणजे नुसते वाचून पुढे गेलेले. पण त्यांतले दोन, १९ आणि २१ नंबरचे, सरळ अंकगणिताचे निघाले. एक मिश्रणाचा, एक काळ-कामाचा. दोन-दोन मिनिटांत झाले. परीक्षेत तिथे पोचले तेव्हा वेळ संपत आली होती.

तिरकी ओळ

मग ब चे ६ गुण तिथे पडून होते. ४:५० वाला प्रश्न वेळेत सोडला असता तरी दोन्ही निघाले असते. शीटमध्ये आणखी दोन रकाने घाला: "दोन मिनिटांहून जास्त वेळ देऊन सोडलेले" आणि "न सोडवलेले, पण नंतर जमलेले". क्वांटसाठी मी अचूकतेआधी हे दोन वाचीन.

सरळरेषा

म्हणजे माझी १:४९ ची मर्यादा बरोबरच होती की!

तिरकी ओळ

अर्धी. बरोबर येणाऱ्या प्रश्नालाच यांना २:२० लागतात. १:४९ ला सगळेच लाल केले तर बरेचसे चांगले प्रश्नही लाल होतील. दीड मिनिटाच्या आसपास "वाट दिसतेय का" एवढंच स्वतःला विचारायचं, दिसत असेल तर तीन मिनिटं गेली तरी चालेल. बावीसच्या बावीस सोडवायचेत कोणाला?

झोळी

एक शंका. हे प्रश्नवार वेळेचं डीआयएलआरला कसं लावणार? सेटच्या पहिल्या प्रश्नावर सात मिनिटं दिसतात, कारण सगळी माहिती वाचून तक्ता मांडायचं काम तो प्रश्न उघडा असतानाच होतं. पुढचे प्रश्न मग वीस-वीस सेकंदांत. पहिला प्रश्न चुकला आणि बाकी बरोबर आले, तर सात मिनिटं "चूक" मध्ये पडतील.

तिरकी ओळ

अगदी खरं, हे मी लिहायला हवं होतं. तिथे प्रश्न हे एकक धरूच नका, सेट धरा. सेटला एक ओळ: एकूण वेळ, किती प्रश्न, किती बरोबर. आरसीच्या उताऱ्यांनाही हेच लागू.

दशमान

फक्त शीटपुरतं बोलतो. चुकांचे दोन रकाने करा, ऑप्शनवाल्या आणि टिटा, नाहीतर गुणांचं सूत्र जुळणार नाही. C विभाग, D अटेम्प्ट, E बरोबर, F ऑप्शनवाल्या चुका, G टिटा चुका धरलं तर:

```
गुण:        =3*E2-F2
पडताळणी:    =D2=E2+F2+G2
एकूण अचूकता: =SUMIFS(E:E,C:C,"QA")/SUMIFS(D:D,C:C,"QA")
```

तिसरं सूत्र मुद्दाम दिलंय. बरेच जण प्रत्येक मॉकच्या टक्केवारीची AVERAGE काढतात. तुमच्याच दोन मॉकची तशी सरासरी साडेसदुसष्ट येते, पण खरं बघता २३ पैकी १५ बरोबर आहेत, म्हणजे ६५. कमी अटेम्प्टचा मॉक उगाच भाव खाऊन जातो.

वेळ टाकताना 16:30 टाइप केलं तर शीट ते साडेसोळा तास समजते. 0:16:30 लिहा, नाहीतर सरळ 16.5 मिनिटं.

पाटीपेन्सिल

दशमान, 16:30 चा घोळ माझ्याकडे आहेच, म्हणून बेरीज कागदावर केली होती. आता दुरुस्त करते.

अजून एक विचारायचंय. डीआयएलआरचा सेट चार मिनिटं बघून सोडला, तर ती चार मिनिटं वाया गेली म्हणून धरायची का?

तिरकी ओळ

मी धरतो. सुरुवातीला सगळे सेट चाळण्याचा वेळ वेगळा, तो तीन-चार मिनिटांत उरकायचा. त्यानंतर एखाद्यात शिरून बाहेर पडलात तर ते गळतीतच जाणार.

झोळी

मला नाही पटत. काही सेट तक्ता मांडल्याशिवाय कळतच नाहीत, चार मिनिटांनी बाहेर पडणं हाही चांगला निर्णय असू शकतो. सगळं गळतीत टाकलं तर माणूस सेट सोडायलाच घाबरेल आणि पंधरा मिनिटं अडकून बसेल.

पाटीपेन्सिल

दोघांचंही थोडं थोडं पटतंय. सध्या "शिरून सोडलेला सेट" असा वेगळा रकाना करते आणि पुढचे काही मॉक तसेच भरते. जुन्या मॉकच्या क्वांटच्या ओळीही तीन भागांत लिहून काढतेय. आतापर्यंत झालेल्यांत सोडलेल्यांचा वेळ सगळीकडे दहाच्या वरच निघालाय, एकटा अ सोडून.