उत्तर: चित्र पाहून वाचणं

> "मुलगी दुसरीत आहे, गोष्ट घडाघडा वाचते, पण फळ्यावरचं वाचता येत नाही. असं का?"

आमच्या गुहागरकडच्या भाचीचं हेच होतं. 'खाडीत होडी आली' हे तिने 'समुद्रात बोट आली' असं वाचलं. अर्थ जुळला, अक्षरं नाहीत! चित्रावर हात ठेवला तर गाडी 'खा'वरच अडली.

वाचन शिकवण्याच्या समग्र भाषा पद्धतीत, म्हणजे अक्षरं सुटी न शिकवता अर्थावरून वाचायला लावतात त्यात, असा अंदाज चालतो. बॅलन्स्ड लिटरसी या मधल्या पद्धतीत अक्षर-ध्वनी शिकवतात खरे, पण तुटक, शब्द अडला की "चित्र बघ, काय असेल?" हेच पुन्हा. माझ्या मते घोळ तिथेच आहे. आधी अक्षरांवरून उच्चार आणि मग अर्थाशी ताळा, हा क्रम हवा. वाचनशिक्षणावरचं संशोधन तपासणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलनेही 2000 साली अक्षर-ध्वनी क्रमवार शिकवण्याच्या बाजूनेच कौल दिला.

घरी तपासायला 'टिमो', 'नुझे', 'पिडो' असे निरर्थक शब्द लिहून द्या. तिथे अंदाज चालत नाही. पहिली वेलांटी नीट बघा: ती दिसते अक्षराआधी, उच्चारायची नंतर. भाची 'टिमो'ला 'टामो' म्हणाली, तेव्हा पंधरा दिवस फक्त टा-टि-टी, मा-मि-मी केलं. गोष्टी मात्र रोज मीच वाचून दाखवायचे, शब्दसाठा त्यातूनच वाढतो.