गिळताना घसा दुखणाऱ्या मुलाला काय द्यावे? पेज, कढण आणि पाणी कमी पडल्याची ओळख (सल्ला हवा)

रानजाई
नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातील एका लहान गावात राहतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलाचा घसा तीन दिवसांपासून दुखतो आहे. काल प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले, तेव्हा डॉक्टरांनी टॉन्सिल सुजल्याचे सांगून औषधे दिली. ती चालू आहेत. वजन तिथे 18 किलो भरले. भाकरी तर दूरच, वरणात मऊ कालवलेला भात दिला तरी पहिल्याच घासाला तो रडतो आणि तोंड मिटून घेतो. आज सकाळपासून दोन घोट दूध आणि अर्धा कप चहा एवढेच पोटात गेले आहे. सकाळी सहा वाजता लघवी झाली, तीही जवसाच्या तेलासारखी पिवळीजर्द. आता दुपारचे दोन वाजले तरी पुन्हा झालेली नाही. शरीरात पाणी कमी पडले आहे हे कसे ओळखावे, आणि पेज नेमकी कशी करावी?

काटोलकर
ताई, आले, मिरे आणि तुळशीचा काढा करून गरम-गरम पाजा. थंड काहीही देऊ नका. अशक्तपणासाठी ग्लुकोजची पावडर पाण्यात घालून दिवसभर देत राहिलात तर पाणीही जाईल आणि ताकदही येईल. आमच्याकडे सगळ्या लेकरांना असेच बरे वाटले आहे.

जुना_अकोट
माफ करा, पण मला पातळ पदार्थांचीच भीती वाटते. माझ्या वडिलांना पक्षाघात झाल्यावर पाण्याच्या एका घोटाने ठसका लागायचा, आणि डॉक्टरांनी आम्हाला सगळे घट्ट करून द्यायला सांगितले होते. मुलाला पेज पाजताना ती श्वासनलिकेत गेली तर काय कराल?

शुश्रूषा
रानजाई, मी ग्रामीण रुग्णालयात 26 वर्षे परिचारिका होते. आधी लघवीचे बोलते, कारण पेजेपेक्षा ते महत्त्वाचे आहे. आठ तास लघवी न होणे आणि आधीची गडद असणे म्हणजे पाणी कमी पडायला लागले आहे. जीभ बघून फसू नका. नाक चोंदलेले मूल तोंडाने श्वास घेते, त्यामुळे जीभ तशीही कोरडी दिसते. स्वच्छ धुतलेले बोट गालाच्या आतल्या बाजूने फिरवा. तिथेही चिकट, कोरडे लागले तर ते खरे. रडताना डोळ्यांत पाणी येते का ते पाहा. बोटाचे नख दाबून सोडा; गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. डोळे खोल गेलेले असतील, हातपाय गार पडले असतील किंवा मूल हाक मारूनही झोपेतच राहत असेल, तर पेज करत बसू नका, लगेच 108 ला फोन करा. अशा गुंगीतल्या मुलाच्या तोंडात काही ओतायचे नसते.

यातले काही नसेल, तर आत्तापासून दोन तास पाजून पाहा. तेवढ्यात लघवी झाली नाही, तर अंधार पडायची वाट न पाहता निघा.

एवढ्या वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण 1400 मिलिलिटर द्रव लागतो, आणि ताप असला की त्याहून जास्त. आपल्या नेहमीच्या पेल्याने हे सात-आठ पेले होतात. पेला तोंडाला लावलात तर तो नाहीच म्हणेल. म्हणून चहाचा चमचा घ्या आणि दर दोन मिनिटांनी एक चमचा द्या. याने तासाला सुमारे 150 मिलिलिटर जाते आणि प्रत्येक घोट लहान असल्याने दुखतेही कमी. डॉक्टरांनी लिहिलेल्या दुखण्या-तापाच्या औषधाची वेळ झाली असेल, तर ते आधी द्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने खाऊ घाला; तेवढ्या वेळात गिळणे सोपे होते. घरात जुनी बाटली असेल तर ती वापरू नका. पाच मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम आणि 250 मिलिग्रॅम अशी दोन्ही औषधे मिळतात, आणि चमचा तोच धरला की मात्रा दुप्पट होऊन बसते.

आता पेज. अर्धी वाटी तांदळाच्या कण्या धुऊन पाच वाट्या पाण्यात मंद आचेवर अर्धा तास शिजवा, कणी बोटांत चिरडून नाहीशी व्हायला हवी. मग रवीने घुसळून गाळा, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तूप घाला. पेज निवताना घट्ट होत जाते, आणि घट्ट पेज सुजलेल्या घशाला चिकटून जास्त दुखते. म्हणून शेजारी गरम पाण्याचा गंज ठेवा आणि दर वेळी सैल करून घ्या. मनगटावर थेंब टाकून कोमट लागली तरच द्या. वाटीत काढलेल्या पेजेत उष्टा चमचा गेला की लाळेने ती तासाभरात पाणी-पाणी होते, त्यामुळे थोडी-थोडीच काढा. मूगडाळीचे कढणही असेच करता येते, फक्त तिखट आणि भेदरं घालू नका, आंबट झोंबते.

काटोलकर भाऊ, आले-मिऱ्याचा काढा मोठ्यांना बरा वाटतो, पण सुजलेल्या घशाच्या लहान मुलाला तो जाळतो, आणि मग ते पुढचा चमचाही घेत नाही. ग्लुकोजच्या पाण्यात साखर आहे, मीठ नाही. जुलाब नसतील तर ओआरएसच हवे असे नाही. पण देणार असाल तर पुडीवर लिहिलेले पाणी मोजूनच घाला, कारण एक लिटरची मोठी पुडी आणि 200 मिलिलिटरची लहान पुडी अशा दोन्ही असतात. जुना_अकोट, तुमच्या वडिलांना गिळण्याचा समन्वयच राहिला नव्हता. तिथे पातळ पदार्थ खरोखर धोक्याचा. इथे गिळता येते, फक्त दुखते. मात्र पाणी पिताना ठसका लागत असेल, तर तुमचीच सूचना खरी धरून डॉक्टरांकडे जावे.

मेळघाटी
थंडाबाबत माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या मुलीने कोमट पेज नाकारली, पण गार केलेले दूध बिनतक्रार प्यायली.

शुश्रूषा
गारव्याने घसा बधिर होऊन काही मुलांना बरे वाटते, हे खरे आहे. मी स्वतः कोमटच द्यायला सांगते, पण मूल गार पीत असेल तर ते अडवण्यात अर्थ नाही. बाजारातील बर्फगोळा मात्र नको, त्याचे पाणी कुठले ते आपल्याला माहीत नसते.

रानजाई
गालाच्या आत ओलसर लागले आणि रडताना डोळ्यांतून पाणी आले. औषध देऊन अडीचपासून चमच्याने सुरुवात केली. पहिल्या दहा चमच्यांपैकी तीन त्याने थुंकले. साडेचार वाजता लघवी झाली, थोडीच पण सकाळपेक्षा फिकी. आता अडचण अशी की तोंड नीट उघडत नाही म्हणतो, आणि एका बाजूलाच जास्त दुखते म्हणून मान तिकडे झुकवतो.

शुश्रूषा
हे आधी सांगायला हवे होते, ताई. तोंड न उघडणे आणि एकाच बाजूला दुखणे म्हणजे टॉन्सिलच्या मागे पू साचला असण्याची शक्यता असते, आणि त्यावर पेजेचा उपयोग नाही. उद्यावर टाकू नका, आजच ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. लाळ गिळता येत नसेल, आवाज तोंडात घास धरून बोलल्यासारखा येत असेल किंवा श्वासाला आवाज होत असेल, तर 108 ला बोलवा.

रानजाई
दिराची गाडी आली, निघतो आहोत. रस्त्यात पेज पाजत जाऊ का?

शुश्रूषा
नको. तोंडाने काहीही देऊ नका. तिथे पू काढायचा ठरला तर पोट रिकामे असलेले बरे. शेवटचा चमचा कधी दिला ती वेळ मात्र लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.