'संयोजन', 'अमूर्त', 'माध्यम' : चित्रकलेच्या वहीत हे शब्द हवेतच कशाला?

खारीबिस्कीट : मुलगी नववीत आहे. चित्रकलेच्या बाईंनी तिच्या वहीतलं 'कंपोझिशन' लाल शाईने कापून वर 'संयोजन' लिहिलंय, 'ॲब्स्ट्रॅक्ट'चं 'अमूर्त' केलंय. उद्या आर्ट कॉलेजला गेली तर तिथे कोण 'संयोजन' म्हणणार आहे? तास चित्र काढण्यात घालवायचा की शब्दांचं भाषांतर करण्यात?

तिरपी_रेघ : बावीस वर्षं चित्रकला शिकवतेय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. लाल शाई मलाही आवडत नाही, ते आधीच सांगते. पण 'भाषांतर' म्हणालात तिथे डोकं फिरलं.

स्थिरचित्राच्या तासाला मी टेबलावर तांब्या आणि दोन वांगी ठेवते, मागे पट्ट्यापट्ट्यांचं कापड सोडते. ही झाली मांडणी, आणि ती माझी. मग मूल ठरवतं, कागद उभा धरायचा की आडवा, तांब्या केवढा घ्यायचा, डावीकडे किती जागा सोडायची, कापड कुठे कापायचं. हे संयोजन, आणि ते त्याचं. पूर्वी मी दोन्हीला 'कंपोझिशन'च म्हणायचे. स्वतःच्या चित्रावर पाच ओळी लिहा म्हटलं की वहीमागून वहीत एकच वाक्य : 'कंपोझिशन चांगले आहे.' अरे, कुणाचं? माझं की तुझं?

दोन शब्द वेगळे दिल्यावर एकाने लिहिलं, 'बाईंची मांडणी मधोमध होती. मी तांब्या उजवीकडे घेतला. मग डावा कोपरा ओका वाटला म्हणून कापडाची पट्टी तिथपर्यंत ओढली.' हे वाक्य 'कंपोझिशन' लिहूनही आलं असतं, मान्य. पण आलं नव्हतं ना! कॉलेजात गेल्यावर त्याला 'कंपोझिशन' कळायला एक दिवसही लागणार नाही.

रंगारी_दादरचा : ताई, मांडणी म्हणजे आमच्या आईची स्टीलच्या डब्यांची. शिवाय इन्स्टॉलेशनला 'मांडणशिल्प' रुळलंय, त्याचं काय करणार? आमच्या वेळी कॉलेजात 'रचनाचित्र' म्हणायचे. अर्थात शाळेत 'रचना' म्हटलं की पोरं कंपासपेटी उघडतात, हेही खरं.

माझं खरं भांडण 'अमूर्त'शी आहे. अमूर्त म्हणजे दया, भीती, असलं हाताला न लागणारं. कॅनव्हासवरचा रंग नखाने खरवडता येतो, तो अमूर्त कसा? आणि या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. डच चित्रकार मॉन्द्रियानचं 1911 चं करडं झाड बघा. फांद्यांच्या कमानी होत गेल्यात, पण झाड आहे. तो झाडापासून निघाला आणि गाळत गाळत गेला. आपले चित्रकार गायतोंडे कुठल्या झाडापासून निघालेच नव्हते. ते स्वतःच्या कामाला ॲब्स्ट्रॅक्ट म्हणूच देत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत. त्यासाठी 'अप्रतिरूप' हा चांगला शब्द मराठी कलालेखनात आहे. तो वापरायचा सोडून सगळीकडे अमूर्त, अमूर्त!

संत्राबर्फी : गायतोंडे नागपुरात जन्मले हे कोणीच सांगत नाही. असो. मला कळत नाही, नवे शब्द पाडता कशाला? आपल्याकडे चित्राची षडंगं शेकडो वर्षांपूर्वीपासून आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य, वर्णिकाभंग. योजना म्हणजेच कंपोझिशन. घ्या लावण्ययोजना आणि मिटवा.

तिरपी_रेघ : षडंगं बरोबर सांगितलीत. कामसूत्रावरच्या जयमंगला टीकेत तो श्लोक आहे. पण तिथलं 'योजन' हे लावण्य आणण्याबद्दल आहे, तांब्या कागदावर कुठे बसवायचा याबद्दल नाही. माझ्या नववीतल्या पोराने 'लावण्ययोजनेत डावा कोपरा रिकामा पडला' असं लिहिलं तर वाचणारा लावणीच समजेल.

दादरकर, तुमचं झाड मान्य, नाइलाजाने. एका मुलीने मॉन्द्रियानबद्दल 'गाळीव झाड' लिहिलं होतं. मी ते कापून 'अमूर्त' केलं होतं. आता वाटतं, नको होतं करायला. पण 'अप्रतिरूप' म्हणायचं तर आधी 'प्रतिरूप' शिकवा, आणि तोवर घंटा होते. वारलीतला दोन त्रिकोणांचा माणूसही मुलं 'अमूर्त' म्हणून मोकळी होतात. तो माणूस आहे हे शेंबड्या पोराला कळतं, तो अप्रतिरूप तर नाहीच. मग त्याला काय म्हणायचं? मी 'सोपं केलेलं रूप' म्हणते. शब्द नाही, तीन शब्द आहेत, पण मुलं चुकत नाहीत.

एडिसनची_सून : आम्ही न्यू जर्सीत आहोत. माध्यम कुठलंही असो, घरी मराठी बोललं की मुलं शिकतात, हा आमचा अनुभव आहे. उगाच मराठी माध्यम-इंग्रजी माध्यम वाद कशाला?

रंगारी_दादरचा : वहिनी, इथे जलरंग, खडू, कोळसा यांच्याबद्दल चाललंय. पण तुमची चूक नाही. एका शालेय प्रदर्शनात चित्राखालच्या पट्ट्या मुलांकडूनच लिहून घेतल्या होत्या. नाव, इयत्ता, माध्यम. अर्ध्या पट्ट्यांवर 'माध्यम : मराठी'. एकावर 'सेमी'. तैलरंगाचे वर्ग घेतो तिथे तर आणखी पंचाईत, रंगात मिसळतो त्या जवसाच्या तेलालाही मीडियमच म्हणतात. मी पट्टीवर 'कशाने रंगवलं' असं छापून घेतो. तेलाला तेल म्हणतो.

कोनमापक : भूमिती शिकवतो, कधी कधी चित्रकलेचा तासही माझ्या गळ्यात मारतात, ती वेगळी रड. मला कुणी सांगेल का, पर्स्पेक्टिव्हला 'यथार्थदर्शन' कुणी केलं? रुळ क्षितिजावर एकत्र येतात हे यथार्थ आहे? खरे एकत्र आले तर गाडी घसरेल! डोळ्याला दिसतं तसं, म्हणून 'यथादर्शन' हवं.

संत्राबर्फी : दिसतं ते यथार्थच असतं.

कोनमापक : मग पाण्यात पेन्सिल बुडवा आणि मोडली म्हणून दुकानदाराकडे बदलून मागा.

संत्राबर्फी : मास्तर, पट्टी घेऊन अंगावर येऊ नका. शंभर जण यथार्थदर्शन लिहितात, ते सगळे चुकले आणि तुम्ही एकटे बरोबर?

कोनमापक : हो.

रंगारी_दादरचा : मास्तर बरोबर आहेत, सांगताना जिवावर येतंय. 'यथार्थ' वाचून मुलं घनाच्या सगळ्या कडा सारख्या लांबीच्या काढतात, कारण खरा घन तसाच असतो. वर म्हणतात, 'सर, यथार्थ काढलंय.'

संत्राबर्फी : बरं बाबा, यथादर्शन. एक 'र्थ' गेला, जग वाचलं.

खारीबिस्कीट : रुळांवरून परत या. काल वही नीट पाहिली. मुलीचं मूळ वाक्य असं आहे : 'बाईंनी केलेले कंपोझिशन मला आवडले नाही म्हणून मी फक्त दोन वस्तू काढल्या.' त्यात 'कंपोझिशन' कापून 'संयोजन' केलंय.

तिरपी_रेघ : अगंबाई. तिथे 'मांडणी' हवं.

खारीबिस्कीट : तेच. मुलगी आता लाल पेन शोधतेय.