बढतीच्या सादरीकरणाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी चाकणच्या एका कारखान्यात देखभाल विभागात सीनियर इंजिनिअर असून असिस्टंट मॅनेजर पदासाठी पुढच्या आठवड्यात अंतर्गत पॅनेलसमोर 15 मिनिटांचे सादरीकरण आहे. प्रेस लाइनचा महिन्याचा ब्रेकडाउन 22 तासांवरून 9 तासांवर आणला, हे माझे मुख्य काम; परंतु सराव ऐकून आमचे साहेब म्हणाले, "हे तर सध्याच्या पदाचेच काम झाले." नव्या पदावर तिन्ही पाळ्यांची माणसे आणि स्पेअर्सचे बजेट सांभाळावे लागते. ब्रेकडाउन कमी करण्याच्या कामातच मी दोन तंत्रज्ञांना हायड्रॉलिक सील बदलायला शिकवले आणि आता मला न बोलावता रात्रपाळी ते काम उरकते. हा पुरावा आकड्यांच्या आधी मांडावा का? बजेट मी कधी हाताळलेले नाही, हे स्वतःहून सांगावे की प्रश्न येईपर्यंत थांबावे? अशा पॅनेलवर बसलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.