मदत हवी आहे: ईएसआय आणि पीटीची चलनं पगाराच्या देण्यांच्या शीटमध्ये जुळत नाहीत

नागाव_खातेवही:
नमस्कार मंडळी. अलिबागजवळ नागावला एका रिसॉर्टचे हिशेब बघतो. माणसं बारा, आठ पुरुष आणि चार बायका, सगळ्यांना ईएसआय लागू. बायकांत कुणाचाही पगार २५,००० च्या वर नाही. आठही पुरुष १०,००० च्या वर आहेत.

मालकांना दर महिन्याला एकच पान हवं असतं: किती कापलं, किती भरलं, किती देणं उरलं. ऑगस्टचं पान असं दिसतंय:

ईएसआय: एकूण पगार १,६१,३४०, त्याचे ४% म्हणजे ६,४५३.६०. भरलेलं चलन ६,३१२. बाकी १४१.६०.

पीटी: मार्चपासून महिना १,६००, सहा महिन्यांचे ९,६००. जूनमध्ये २,५०० चं चलन भरलंय. बाकी ७,१००.

दोन्ही आकडे मला खोटे वाटतायत. मालक विचारतात, "भरलंय ना सगळं, मग बाकी कसली?" गणपती तोंडावर आणि मी चलनं चाळतोय.

दर्यासारंग:
ईएसआयमध्ये पैसे राहतात ते राउंडिंगमुळे. एकूण बेरजेवर ROUND लावा, मिटेल.

वेंगुर्ल्याची_ताई:
आमच्या काजू कारखान्यात उलटंच आहे. १४,००० पगार असलेल्या बायकांचेही २०० कापतात. हे बरोबर आहे का?

जुना_कारकून:
ताई, नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून बायकांना २५,००० पर्यंत पीटी नाही. पगारपत्रक दाखवून विचारा. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

नागावकर, तुमच्या पानात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक अडकल्यात.

पहिली, महिना. ६,३१२ च्या चलनावर भरल्याची तारीख ऑगस्टची असेल, पण वेतन महिना बघा, तो जुलै असणार. ईएसआय पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरतात. तुम्ही तारीख बघून चलन ऑगस्टसमोर टाकलंत, म्हणून ऑगस्टच्या देण्यातून जुलैचे पैसे वजा झाले. चलन नोंदताना दोन रकाने ठेवा, 'कोणत्या महिन्याचं' आणि 'कधी भरलं'. वजावट पहिल्यावर, बँकेशी मेळ दुसऱ्यावर.

दुसरी, राउंडिंग. दर्यासारंगांचं निम्मं बरोबर आहे. पैसे राउंडिंगमुळेच राहतात, पण बेरजेवर ROUND लावून भागत नाही. कामगाराचा ०.७५% हिस्सा प्रत्येकाचा वेगळा काढून वरच्या रुपयात नेतात. १३,४५० वर १००.८७ येतात, कापायचे १०१. मालकाचा ३.२५% हिस्सा एकूण पगारावर काढून एकदाच वर नेतात, म्हणजे ५,२४३.५५ चे ५,२४४. कामगाराच्या ओळीत हे घाला:

```
=ROUNDUP(ROUND(C2*0.0075,4),0)
```

आतला ROUND काढू नका. १२,८०० सारख्या पगारावर उत्तर बरोब्बर ९६ येतं, आणि दशांशाच्या बारीक चुकीमुळे कधी ९७ होऊ शकतं.

चलनावर एकच रक्कम असते, हिस्से दिसत नाहीत. ते पोर्टलवरच्या कॉन्ट्रिब्युशन हिस्ट्रीतून घ्या. तिथे माणसागणिक दिवस, पगार आणि कपात असते.

तिसरी, पीटी. ते २,५०० कर्मचाऱ्यांचे नाहीतच, मालकांचे स्वतःचे असावेत. त्या चलनावरचा नंबर २७ ने सुरू होतो की ९९ ने, ते सांगा.

नागाव_खातेवही:
९९! मी फक्त 'प्रोफेशन टॅक्स' वाचलं आणि टाकून दिलं.

जुना_कारकून:
मग तो मालकांचा पीटीईसी. कर्मचाऱ्यांच्या कपातीचा पीटीआरसी २७ ने सुरू होतो. २,५०० या रकान्यातून काढा. बाकी ९,६०० दिसू दे, ती चूक नाही. तुमचं वर्षाचं देणं एक लाखाच्या आत आहे, म्हणून मार्च ते फेब्रुवारीचं सगळं ३१ मार्चपर्यंत एकदम भरता. तोवर देणं वाढतच जाणार. फक्त फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० लावायला विसरू नका, आठ जणांचे २,४००. म्हणजे वर्षाचे बरोबर २०,००० होतात.

दर्यासारंग:
मग ९,६०० मालकांना कसे समजावायचे? ते म्हणतील, कापलेत तर भरले का नाहीत.

जुना_कारकून:
पैसे वेगळे ठेवलेत का, ते मालकांनाच विचारा. हॉटेलवाले पावसाळ्यात ते वापरून टाकतात आणि मार्चमध्ये शोधाशोध.

नागाव_खातेवही:
काका, केलं. ऑगस्टचे कामगारांचे १,२१६ आले, मालकाचे ५,२४४, एकूण ६,४६०. १२ सप्टेंबरला भरलेल्या चलनाशी रुपयाला रुपया जुळलं.

पण आता जुलै बिघडला. शीटमध्ये कामगारांचा हिस्सा ९३ ने जास्त येतोय, मालकाचाही जास्त. हिस्ट्रीत अकराच नावं आहेत.

जुना_कारकून:
९३ हा एकाच माणसाचा हिस्सा दिसतोय. म्हणजे पगार साधारण १२,३०० ते १२,४०० मधला. पगारपत्रकात तसा कोण आहे? जुलैत कामावर आलेला?

नागाव_खातेवही:
किचनमधला नवा मुलगा. १ जुलैला आला. त्याचे कापलेत, हे मला नक्की आठवतंय. फाईल ऑफिसात आहे, उद्या बघून लिहितो.

जुना_कारकून:
कापले असतील तर मालकांना आजच सांगा. राहिलेलं भरताना उशिराचं व्याज वर्षाला १२% लागेल, आणि ते त्या मुलाकडून कापायचं नाही.