अक्षरांविना अपूर्णांकांचे पत्ते

«दोन पत्त्यांपैकी मोठा कोणता, हे वाचता न येणाऱ्या मुलांनी आपसांत कसे ठरवावे?»

सांगलीजवळच्या आमच्या शाळेत भाकरीच्या चित्रांचे पत्ते दिले, तेव्हा चार अष्टमांशाने एक द्वितीयांशाला हरवले, कारण मुले रंगवलेले तुकडे मोजत होती, भाकरीचा भाग पाहत नव्हती. म्हणून आता सर्व भाकऱ्या 6 सेंटिमीटर व्यासाच्या, पारदर्शक प्लॅस्टिकवर फिकट रंगात छापतो आणि रंग नेहमी वरच्या मध्यरेषेपासून उजवीकडे भरतो. वाद झाला की पत्ते एकमेकांवर ठेवायचे. ज्याचा रंग बाहेर डोकावतो तो जिंकतो, तंतोतंत जुळले तर बरोबरी. दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांतला 30 अंशांचा फरक मुलांना सहज दिसतो. पाच षष्ठांश आणि सात अष्टमांश यांच्यात मात्र कडेला जेमतेम 8 मिलिमीटर उरतात आणि पत्ता जरा सरकला की निकाल फिरतो, म्हणून ती जोडी मी संचातून काढली आहे.